जीएसटीच्या तारखा सांभाळून फुल स्टॅक : फोंड्यातील एका वाणिज्य पदवीधर मुलीचे सव्वीस आठवडे

या प्रकरणातील उमेदवार फोंड्याला राहणारी, बी.कॉम. झालेली आणि पणजीतील एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात तीन वर्षे काम केलेली मुलगी आहे. टॅलीत नोंदी करणे, विक्रीची बिले तपासणे आणि ग्राहकांची जीएसटी विवरणपत्रे भरणे हे तिचे रोजचे काम. प्रोग्रामिंगचा तिला काहीच अनुभव नव्हता. एक्सेलमधील पिव्होट टेबल आणि व्हीलूकअप मात्र तिच्या हाताखालून गेलेले होते. सहा महिन्यांत फुल स्टॅक, म्हणजे पडद्यापासून डेटाबेसपर्यंत सगळे लिहिणारी, वेब डेव्हलपर म्हणून पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला बसता यावे आणि तोवर चालू नोकरी सोडावी लागू नये, अशी तिची अट होती. मी तिच्या मोठ्या भावाचा मित्र असून याच व्यवसायात आहे, त्यामुळे आठवड्याची आखणी करण्याचे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले.

आधी तासांचा ताळमेळ

सहा महिने हा शब्द फसवा आहे, कारण तो दिनदर्शिकेचा हिशेब सांगतो, अभ्यासाचा नाही. म्हणून अभ्यासक्रमाची यादी करण्याआधी आम्ही तिच्या आठवड्यातील मोकळे तास मोजले. पणजीहून कदंबच्या बसने फोंड्याला पोहोचून, जेवण आटोपून बसेपर्यंत साडेआठ वाजत, आणि दहानंतर केलेले काम दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे लागे. त्यामुळे सोमवार, मंगळवार आणि गुरुवार या तीन रात्री प्रत्येकी दीड तास, शनिवारी कार्यालय अर्ध्या दिवसाने सुटल्यावर पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात साडेतीन तास आणि रविवारी घरी पाच तास, असे एकूण १३ तास निघाले. बुधवार आणि शुक्रवार मुद्दाम मोकळे ठेवले, कारण चुकलेली एखादी रात्र भरून काढायला आठवड्यात जागा नसेल तर पहिल्याच खाड्यानंतर वेळापत्रक कागदावरच राहते.

यातही एक अडचण होती. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला संपते. या दोन तारखांच्या आधीचे दिवस तिच्या कार्यालयात उशिरापर्यंत चालत, आणि त्या रात्री अभ्यास होणार नव्हता हे स्पष्ट होते. म्हणून महिन्यातील हे दोन आठवडे आम्ही आधीपासूनच ‘हलके’ ठरवले: त्यांत फक्त शनिवार आणि रविवारचे साडेआठ तास धरले. सव्वीस आठवड्यांत चौदा पूर्ण आणि बारा हलके, म्हणजे १८२ आणि १०२ मिळून २८४ तास झाले. आठवड्याला चाळीस तास देणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही जेमतेम सात आठवड्यांची शिदोरी आहे.

हा आकडा समोर आल्यावर काय शिकायचे यापेक्षा काय शिकायचे नाही हा प्रश्न आधी सोडवावा लागला. टाइपस्क्रिप्ट, डॉकर, मोंगोडीबी आणि सीएसएसची तयार फ्रेमवर्क्स यादीतून गेली. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, डेटाबेससाठी पोस्टग्रेस, सर्व्हरसाठी नोडवरील एक्सप्रेस, पडद्यांसाठी रिअ‍ॅक्ट आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळायला सुरुवातीपासून गिट, एवढेच राहिले. जे वगळले ते निरुपयोगी आहे असे नव्हे. परंतु त्यातील प्रत्येक विषय तीस-चाळीस तास मागतो, आणि तेवढे तास कोणत्या तरी मूळ विषयातूनच कापावे लागले असते.

एकच प्रकल्प, तोही ओळखीचा

दुसरा निर्णय प्रकल्पाचा होता. शिकवण्यांमध्ये सहसा कामांची यादी ठेवणारे किंवा हवामान दाखवणारे पान करायला देतात. त्यात भाषा शिकता येते, पण बरोबर उत्तर कोणते हे ठरवण्यासारखे काही नसते. या मुलीकडे एक गोष्ट होती जी बहुतेक नवशिक्या प्रोग्रामरांकडे नसते: हिशेब चुकला आहे की नाही, हे तिला स्वतःला सांगता येत होते. म्हणून सहाही महिने एकच काम हातात ठेवले, ते म्हणजे सात-आठ खोल्यांच्या एखाद्या गोमंतकीय गेस्ट हाऊसचे बिलिंग आणि हिशेब. पहिल्या आठवड्यात त्याचे बिल म्हणजे नुसते एचटीएमएलचे कोष्टक होते. बाविसाव्या आठवड्यात तेच बिल रिअ‍ॅक्टच्या पडद्यावरून सर्व्हरकडे आणि तिथून डेटाबेसमध्ये जात होते.

आरंभ नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या सोमवारी झाला. एचटीएमएल आणि सीएसएसला दोन आठवडे, जावास्क्रिप्टच्या मूळ भाषेला आणि पानावरील घटक हलवण्याला पाच, त्यानंतर नाताळचा आठवा आठवडा नव्या विषयाविना कोरा. तो कोरा ठेवण्याचे कारण सणापेक्षा ३१ डिसेंबर हे होते, कारण जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र त्या दिवसापर्यंत द्यायचे असते. पुढे दोन आठवडे असिंक्रोनस, म्हणजे उत्तराची वाट न पाहता पुढे चालणारी, जावास्क्रिप्ट, तीन आठवडे एसक्यूएल, चार आठवडे सर्व्हर, शिगम्याचा अठरावा आठवडा पुन्हा कोरा, चार आठवडे रिअ‍ॅक्ट, एक आठवडा सर्व काही इंटरनेटवर नीट चढवण्याचा आणि शेवटचे तीन नोकरीच्या तयारीचे.

प्रत्येक आठवड्याची आतली रचना मात्र तीच राहिली. सोमवारी आणि मंगळवारी नवा विषय, गुरुवारी त्यावरचे छोटे प्रश्न, शनिवारी तो विषय प्रकल्पात बसवणे. रविवारच्या पहिल्या पाऊण तासात रिकामे फोल्डर उघडून, कोणतीही टिपणे किंवा व्हिडिओ न पाहता, त्या आठवड्यात शिकलेली गोष्ट पुन्हा लिहायची आणि ती चालली पाहिजे. चालली नाही तर पुढचा सोमवार त्याच विषयाला द्यायचा. बसमधला वेळ आम्ही हिशेबात धरला नाही. त्यात तिने छापील कोडचे चार-सहा ओळींचे तुकडे वाचून त्यांचे उत्तर काय येईल याचा अंदाज बांधण्याचा परिपाठ ठेवला, आणि गर्दीच्या बसमध्ये उभ्याने एवढेच शक्य असते.

रविवारच्या चाचणीचे महत्त्व चौथ्या आठवड्यात दिसले. तोपर्यंत तिची तासांची वही पूर्ण भरलेली होती, व्हिडिओ पाहून झाले होते, आणि त्यांतील कोड तिच्या संगणकावर चालतही होता. रविवारी तिने बिलातील खोल्यांच्या यादीतून एकूण भाडे काढणारे फंक्शन लिहायला घेतले आणि पाऊण तासात तिला पहिल्या दोन ओळींपलीकडे जाता आले नाही. शिकवणाऱ्यासोबत टाइप केलेला कोड हाताला ओळखीचा होतो, डोक्याला नाही. आणि हे तासांच्या वहीत कधीच दिसत नाही. त्यानंतर व्हिडिओचा वेळ आठवड्यात जास्तीत जास्त दीड तास ठरवला आणि उरलेले सारे तास रिकाम्या फाईलवर घालवले. पाचव्या आठवड्याचा विषय त्यामुळे पुढे सरकला, पण त्याची भरपाई शेवटून करायची, म्हणजे रिअ‍ॅक्टमधील एखादा पडदा कमी करायचा, असे ठरले. मधले काही कापायचे नाही, कारण पुढचे सगळे त्यावर उभे राहते.

पैशांचे दशांश

सहाव्या आठवड्यात बिलाच्या हिशेबात पहिली गंमत घडली. रुपयांचे पैसे करण्यासाठी तिने रकमेला शंभराने गुणले आणि अपूर्णांक काढून टाकला. १९.९९ रुपयांचे १९९८ पैसे झाले. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `19.99 * 100` लिहिल्यावर उत्तर `1998.9999999999998` असे येते, कारण जावास्क्रिप्टमधील संख्या द्विमान पद्धतीने साठवल्या जातात आणि १९.९९ ही संख्या त्या पद्धतीत नेमकी बसत नाही. लेखापालाच्या कार्यालयात एका पैशाच्या फरकासाठी तासभर बसण्याची सवय असलेल्या व्यक्तीला हे पटवून द्यावे लागले नाही. त्या दिवसापासून प्रकल्पात रक्कम नेहमी पैशांत आणि पूर्णांकात ठेवायची, रुपये फक्त पडद्यावर दाखवताना करायचे आणि कराचा दरही दहा हजारांश भागांत लिहायचा, म्हणजे अडीच टक्के म्हणजे २५०, असा नियम झाला.

त्यातून लगेच दुसरा प्रश्न आला. ९९९ रुपयांवर पाच टक्के कर ४९ रुपये ९५ पैसे होतो. पण तो केंद्राचा आणि राज्याचा असा निम्मा निम्मा दाखवायचा असतो, आणि अडीच टक्क्यांनी प्रत्येकी २४ रुपये साडेसत्त्याण्णव पैसे येतात. दोन्ही पूर्णांकात आणले तर प्रत्येकी २४.९८ आणि एकूण ४९.९६. एक पैसा कुठून आला? तिने दोन्ही कर वेगळे काढून, पूर्णांकात आणून, मगच बेरीज करायची असे ठरवले, जेणेकरून बिलावरील ओळींची बेरीज बिलाच्या एकूण रकमेशी जुळेल. आधी एकूण कर काढून नंतर त्याचे दोन भाग केले असते तर एका भागात एक पैसा जास्त टाकावा लागला असता. कोणत्याही पाठ्यक्रमात हा निर्णय शिकवत नाहीत, पण बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला तो घ्यावाच लागतो.

शून्य दाखवणारी बेरीज

नवव्या-दहाव्या आठवड्याला आम्ही जास्त वेळ दिला होता आणि तो पुरला नाही. या टप्प्यावर तिने लिहिलेला सर्व्हर नव्हता. प्रत्येक बिल एका वेगळ्या जेसन फाईलमध्ये ठेवून ते `fetch` ने वाचायचे आणि दिवसाची विक्री काढायची, असा सराव होता. तिने हे लिहिले:

```js
let total = 0;
files.forEach(async (f) => {
  const res = await fetch(f);
  const bill = await res.json();
  total += bill.amount;
});
console.log(total); // 0
```

बिले होती, रकमा होत्या, कोणतीही त्रुटी दिसत नव्हती, आणि बेरीज शून्य. येथे `forEach` प्रत्येक फाईलसाठी काम सुरू करून देतो, परंतु ते पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. त्यामुळे शेवटची ओळ आधी चालते आणि रकमा नंतर येतात. `await` हा शब्द आतल्या फंक्शनला थांबवतो, बाहेरच्याला नाही.

यावर नवशिक्या जे करतात ते तिनेही केले: बेरीज छापण्याआधी `setTimeout` ने एक सेकंद थांबवले. उत्तर बरोबर आले. हा उपाय चुकीचा आहे हे ओळखायची खूण अशी की ब्राउझरच्या नेटवर्क पॅनेलमध्ये वेग मुद्दाम कमी केला की बेरीज निम्मीच येते, आणि पुन्हा पान उघडले की वेगळी निम्मी. जे उत्तर जाळ्याच्या वेगावर अवलंबून बदलते ते उत्तर नव्हे. मग तिने सगळे एका `async` फंक्शनमध्ये घेतले, `forEach` च्या जागी `for (const f of files)` असा साधा फेरा लिहिला, आणि बेरीज फेऱ्यानंतर छापली.

हे समजणे आणि हातात बसणे यांत मात्र अंतर होते. दहाव्या आठवड्याच्या रविवारची चाचणी पुन्हा फसली: या वेळी पडद्यावर रकमेऐवजी `[object Promise]` उमटले, म्हणजे कुठेतरी `await` विसरले होते. ‘‘दादा, हा महिना इथेच जाणार का?’’ असे तिने विचारले. अकराव्या आठवड्यात एसक्यूएल सुरू करायचे आणि असिंक्रोनस कोडचा अर्ध्या तासाचा सराव दर गुरुवारी चालू ठेवायचा, असा तोडगा काढला. एका विषयावर अडून राहिल्याने तो समजतोच असे नाही; या विषयाच्या बाबतीत तर सर्व्हर लिहायला लागल्यावरच तो बसतो, हा माझा अनुभव आहे.

डेटाबेस आधी

बहुतेक योजनांत डेटाबेस शेवटी येतो. येथे तो सर्व्हरच्याही आधी घेतला, आणि हा या संपूर्ण आखणीतला सर्वांत फलदायी निर्णय ठरला. सलग दहा आठवडे अनोळखी प्रदेशात घालवल्यावर तिला ओळखीची जमीन मिळाली. `GROUP BY` म्हणजे पिव्होट टेबल, `JOIN` म्हणजे व्हीलूकअपचा शिस्तशीर भाऊ, एवढे तिने स्वतःच पहिल्या शनिवारी ओळखले.

मग दुहेरी नोंद पद्धती कोष्टकांत कशी बसवायची याचा प्रश्न घेतला. तिचा पहिला आराखडा एका बिलाची एक ओळ असा होता, ज्यात भाडे, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि एकूण रक्कम असे स्तंभ होते. मी तिला एवढेच विचारले की यातून तेरीज पत्रक, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकींचा ताळा, कसे काढशील. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि तिने कागदावर किर्दीची नोंद लिहून दाखवली. तीच नोंद मग दोन कोष्टकांत गेली: एकात व्हाउचर, दुसऱ्यात त्याच्या ओळी, नावे बाजू धन आणि जमा बाजू ऋण. २५०० रुपये भाड्याची खोली दोन रात्री घेतली, तर भाडे ५००० आणि प्रत्येकी अडीच टक्क्यांनी १२५ व १२५ कर. पैशांत ती नोंद अशी:

```sql
BEGIN;
INSERT INTO voucher (id, vdate, note)
VALUES (41, '2026-01-17', 'Room 3');
INSERT INTO entry (voucher_id, account, amount) VALUES
  (41, 'customer',   525000),
  (41, 'room_rent', -500000),
  (41, 'cgst',       -12500),
  (41, 'sgst',       -12500);
COMMIT;
```

`BEGIN` आणि `COMMIT` यांचा अर्थ तिला उदाहरणाशिवाय कळला: अर्धी नोंद कधीच पुस्तकात जाऊ द्यायची नाही. मध्येच वीज गेली किंवा एखादी ओळ नाकारली गेली तर डेटाबेस चारही ओळी मागे घेतो. आणि सगळी पुस्तके जुळतात की नाही हे पाहण्यासाठी एकच प्रश्न पुरतो:

```sql
SELECT voucher_id, SUM(amount)
FROM entry
GROUP BY voucher_id
HAVING SUM(amount) <> 0;
```

याचे उत्तर रिकामे आले पाहिजे. पुढच्या प्रत्येक आठवड्याच्या शेवटी, नवा कोड लिहून झाल्यावर, हा प्रश्न चालवायचा असा दंडक पडला. ही तिची पहिली स्वयंचलित चाचणी होती, जरी तिला त्या नावाने आम्ही ओळखत नव्हतो.

याच तीन आठवड्यांत वाणिज्य शाखेच्या ज्ञानाने कोडची दिशा दोनदा बदलली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सुरुवातीच्या कोडमध्ये पाच टक्के हा आकडा थेट लिहिलेला होता. जुने बिल पुन्हा छापायचे झाले तर? तिने दरांचे वेगळे कोष्टक केले, त्यात दर कोणत्या तारखेपासून लागू होतो तो स्तंभ ठेवला, आणि बिलाच्या तारखेला किंवा तिच्या आधी लागू झालेल्या दरांपैकी सर्वांत अलीकडचा निवडायचा असा प्रश्न लिहिला. दर बदलल्यावर कोडला हात न लावता एक ओळ वाढवली की झाले.

दुसरा बदल अधिक बोलका होता. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचा संकेतांक असतात. गोव्याचा ३०, महाराष्ट्राचा २७. ग्राहकाचा क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर आंतरराज्य कर, म्हणजे आयजीएसटी, लावायचा, अशी तुलना कोणताही प्रोग्रामर डोळे मिटून लिहील, आणि मालाच्या विक्रीचे साधे बिलिंग असेल तर बहुतेक वेळा ती चालूनही जाईल. तिने ती लिहिली नाही. ‘‘खोलीला आयजीएसटी लागत नाही, दादा. खोली गोव्यात आहे ना,’’ असे ती म्हणाली. निवासाच्या सेवेचे पुरवठा-स्थान ती स्थावर मालमत्ता जिथे आहे तेच राज्य असते, त्यामुळे पाहुणा पुण्याचा असला आणि त्याने कंपनीचा जीएसटी क्रमांक दिला, तरी गोव्यातील गेस्ट हाऊस गोव्याचाच कर लावते. तिच्या कार्यालयात याच मुद्द्यावरून ग्राहकांशी वाद होत असत. त्या संध्याकाळी आम्ही करनिर्णयाचे एक वेगळे फंक्शन केले, ज्याला सेवेचा प्रकार दिला जातो, नुसता क्रमांक नाही.

सर्व्हर आणि मजकूर झालेले शून्य

फेब्रुवारीतील चार आठवडे एक्सप्रेसला होते. बिल तयार करणे, यादी देणे, तेरीज देणे असे मोजके मार्ग, पासवर्डचा हॅश करून ठेवणारे साधे लॉगिन, आणि प्रत्येक प्रश्नात मूल्ये जोडण्याऐवजी `$1`, `$2` अशा जागा. हे सारे अपेक्षेपेक्षा सुरळीत गेले. असिंक्रोनस कोडही याच काळात, म्हटल्याप्रमाणे, बसला.

अडचण एकाच ठिकाणी आली आणि ती शिकण्यासारखी होती. बिल नोंदवल्यावर सर्व्हर ओळींची बेरीज तपासून ती शून्य नसेल तर नकार देई. सगळी बिले नाकारली जाऊ लागली. डेटाबेसमध्ये थेट प्रश्न चालवला तर बेरीज शून्य दिसे. कारण असे की पूर्णांकांच्या स्तंभावर `SUM` केल्यावर पोस्टग्रेस `bigint` प्रकारचे उत्तर देतो, आणि नोडची `pg` लायब्ररी तो प्रकार संख्या म्हणून न देता मजकूर म्हणून देते, कारण जावास्क्रिप्टच्या संख्येत तेवढा मोठा आकडा नेमका मावेलच असे नाही. त्यामुळे `sum === 0` ही तुलना `"0"` शी होत होती आणि नेहमी खोटी ठरत होती. मूल्य छापून पाहिले तर फरक कळत नाही. `typeof` विचारले तर लगेच कळतो. या रकमा छोट्या असल्याने `Number()` ने संख्या करून घेणे पुरेसे होते. अशा जागी अंदाजाने कोड बदलत बसण्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर मूल्य आणि त्याचा प्रकार दोन्ही छापायचे, ही सवय तिला या एका दोषाने लागली, आणि त्यासाठी गेलेला एक शनिवार मला महाग वाटत नाही.

रिअ‍ॅक्टचे चार आठवडे मार्चअखेरच्या गर्दीत सापडले. ३१ मार्चच्या आसपास दोन आठवड्यांत मिळून सहा-सात तासच झाले, आणि ठरल्याप्रमाणे शेवटून कापले: पाहुण्यांच्या माहितीचा वेगळा पडदा गेला, बिलाचा आणि तेरीजेचा राहिला. येथे विशेष सांगण्यासारखे थोडेच आहे. पडद्याचा पत्ता `localhost:5173` आणि सर्व्हरचा `localhost:3000` असल्याने ब्राउझरने सीओआरएसची, म्हणजे एका पत्त्यावरील पानाला दुसऱ्या पत्त्याकडे विचारण्याची परवानगी नसल्याची, तक्रार केली. कमांड लाइनवरून तीच विनंती `curl` ने व्यवस्थित चालते पण ब्राउझरमधून चालत नाही, या खुणेवरून दोष मार्गांत नसून परवानगीत आहे हे ओळखता येते, आणि सर्व्हरवर त्या एका पत्त्याला परवानगी दिली की तो मिटतो. इंटरनेटवर चढवण्याचा सराव सातव्या आठवड्यात नुसत्या पानाने आणि सतराव्यात सर्व्हरने आधीच केला होता, म्हणून तेविसाव्या आठवड्यात फक्त ते दोन्ही जोडायचे राहिले.

शेवटचे तीन आठवडे

तासांच्या वहीत २८४ पैकी साधारण २४० तास भरले होते. बुडालेल्या तासांपैकी बहुतेक मार्चमधले, काही घरच्या लग्नाचे. नियोजनात हलके आठवडे आधीच नसते तर हा आकडा दोनशेच्या खाली गेला असता असे मला वाटते, कारण मोडलेल्या आठवड्यानंतरचा आठवडाही सहसा मोडतो.

तिने दोन ठिकाणी अर्ज केले. पहिल्या कंपनीने ऑनलाइन चाचणीत डेटा स्ट्रक्चर्सवरचे प्रश्न दिले, दीड तासात तीन. त्यातला एकच सुटला आणि पुढची फेरी झाली नाही. हे अनपेक्षित नव्हते. त्या विषयाला आम्ही सहा महिन्यांत एकही पूर्ण आठवडा दिला नव्हता, आणि मोठ्या कंपन्यांकडे जायचे असते तर आखणी वेगळी करावी लागली असती, बहुधा रिअ‍ॅक्टचे दोन आठवडे काढून. दुसरी हॉटेलांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करणारी पणजीतील छोटी संस्था होती. त्यांनी तिच्याच प्रकल्पात रद्द झालेल्या आरक्षणाचे पैसे परत देण्याची सोय करून आणायला सांगितले. तिने मूळ बिल न पुसता उलट चिन्हांच्या ओळींचे क्रेडिट नोटचे व्हाउचर केले, मूळ व्हाउचरचा क्रमांक त्यात जोडला, आणि कर परत करताना आजचा नव्हे तर मूळ बिलाच्या तारखेचा दर घेतला. समोरच्या प्रोग्रामरने विचारले की बिल सरळ काढून का टाकले नाही. विवरणपत्रात गेलेले बिल नाहीसे करता येत नाही, हे तिने त्याला दोन मिनिटांत समजावून सांगितले.

त्या संस्थेत ती आता सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर आहे. पगार आधीच्या नोकरीपेक्षा थोडा कमी आहे, टाइपस्क्रिप्ट तिथे रोज वापरावे लागते म्हणून ते तिथेच शिकत आहे, आणि रविवारचे पाच तास डेटा स्ट्रक्चर्सला लावले आहेत.